लिंक भलत्याच जागी उघडते

"कॉलच्या सारांशात प्रत्येक अवतरणाला वेळेची लिंक दिली, पण क्लिक केल्यावर भलतंच वाक्य ऐकू येतं. काय चुकतंय?"

बहुधा ट्रान्सक्रिप्ट मूळ रेकॉर्डिंगचं आहे आणि लिंक कापलेल्या फाइलची. मी घेतलेल्या एका वापरकर्त्याच्या मुलाखतीत सुरुवातीच्या ३ मिनिटं १० सेकंदांच्या गप्पा नंतर काढून टाकल्या होत्या. त्यामुळे ट्रान्सक्रिप्टमध्ये १५:४४ ला असलेलं "बिल कुठे दिसतं तेच कळेना" हे वाक्य फाइलमध्ये १२:३४ ला होतं. पहिलं आणि शेवटचं अवतरण ऐकून बघा. फरक सारखाच असेल तर तेवढे सेकंद सगळीकडून वजा करा. वाढत गेला असेल, तर मध्येही काहीतरी कापलंय. मग प्रत्येक वेळ कानाने ऐकूनच लावावी लागते.

शिवाय लिंक उत्तरावर नको, आपला प्रश्न सुरू होतो तिथे लावा. वरच्या उदाहरणात प्रश्न १२:२२ ला होता, म्हणून लिंकच्या शेवटी `#t=742` (थेट व्हिडिओ फाइल ब्राउझरमध्ये उघडत असेल तर हे चालतं). वापरकर्ता आपणहून बोलला, की आपणच त्याच्या तोंडी शब्द घातले, हे प्रश्न ऐकल्याशिवाय सारांश वाचणाऱ्याला कळत नाही.