`u2` म्हणजे काय? आणि `gg` आधी कोणी म्हणायचं?

पटावरचा_नवखा: ऑनलाइन बुद्धिबळ नुकतंच सुरू केलंय. समोरचे सुरुवातीला `glhf` लिहितात, म्हणून काल मीही लिहिलं. उत्तर आलं `u2`. हे कौतुक की टोमणा? पुढे मी जिंकत आलो तेव्हा `gg` लिहिलं, तर तो "उद्धट" म्हणून निघूनच गेला. माझं काय चुकलं?

मेधा_क: `glhf` म्हणजे 'गुड लक, हॅव फन'. `u2` हा 'यू टू'चा उच्चार आकड्यात लिहिलेला आहे, म्हणजे 'तुम्हालाही'. टोमणा अजिबात नाही. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर डावाच्या सुरुवातीला `HI`, `GL`, `HF`, `U2` अशी तयार बटणं असतात आणि डाव संपला की `GG`, `WP`, `TY` दिसतात, म्हणजे 'गुड गेम', 'वेल प्लेड', 'थँक यू'. `gg` सुरुवातीच्या बटणांत नाही, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे. तुम्ही ते मात होण्याआधी लिहिलंत का?

पटावरचा_नवखा: हो, दोन चाली आधी. 'छान डाव झाला' एवढंच म्हणायचं होतं.

राजा_वजीर: `gg` नेहमी हरणाऱ्यानेच म्हणायचं असतं. जिंकणाऱ्याने कधीच नाही.

मेधा_क: स्टारक्राफ्ट या संगणक-खेळात तसा संकेत आहे. तिथे `gg` लिहून खेळाडू हार मान्य करतो, म्हणून जिंकणाऱ्याने ते आधी लिहिलं तर 'आता सोड की' असं ऐकू येतं. नवख्यांच्या बाबतीत तेच झालं असणार. पण डाव संपल्यावर कोणीही लिहावं, समोरूनही `gg` किंवा `wp` येतं. शेपटाला `ez`, म्हणजे 'ईझी', असेल तर मात्र तो उघड अपमान. ओव्हरवॉच या खेळात `gg ez` लिहिलं की त्याजागी आपोआप भलतंच गोड वाक्य उमटायचं.

सुईदोरा: मला तर उत्तरच मिळालं नाही! भरतकामाच्या गटात नुसतं 'हाय' लिहून अर्धा दिवस वाट पाहिली.

मेधा_क: ताई, तिथली गोष्ट वेगळी. खेळाच्या लॉबीत माणूस समोर बसलेला असतो, गटात लोक सवडीने वाचतात. नुसत्या 'हाय'ला काय उत्तर द्यायचं हे त्यांना कळत नाही. 'नमस्कार, उलटी टीप घालताना दोरा गुंततोय, काय करू?' असं एकाच संदेशात लिहा. काही ठिकाणी `o/` दिसेल. ते डोकं आणि वर केलेला हात. उत्तरात `\o` लिहितात.

सुईदोरा: अगं बाई, मला ते टंकनदोष वाटले होते.

राजा_वजीर: मराठी खेळाडू भेटला तर `u2` ऐवजी 'तुम्हालाही' लिहायचं की 'तुलाही'? वय तर दिसत नाही.

मेधा_क: मी 'तुम्हालाही' लिहिते. इंग्रजीत हा प्रश्नच येत नाही.

पटावरचा_नवखा: तीन मिनिटांच्या डावात 'तुम्हालाही' टंकेपर्यंत माझं घड्याळ पळतं. नुसतं 'सेम' चालेल का?