मॉडेल आन्सर जुळवून 'नेमके शब्द' काढणं: अभ्यास की पाठांतर?

मधुरा, कुर्ला
लेक डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे, बेसिक सायन्सचा पेपर जवळ आलाय. एमएसबीटीईची मागच्या पाच-सहा परीक्षांची मॉडेल आन्सर्स उतरवून घेतली आहेत. त्यांतले समान शब्द काढून तेवढेच पाठ करते म्हणतेय. परीक्षक खरंच शब्द बघून गुण देतात का? आणि असे शब्द काढायचे कसे?

जुने मास्तर, मुलुंड
मधुराताई, शब्द बघतात, आणि ही गोष्ट कुणी लपवलेली नाही. मॉडेल आन्सरच्या पहिल्याच पानावर परीक्षकांसाठी सूचना छापलेल्या असतात. पहिली सूचनाच अशी की उत्तर महत्त्वाच्या शब्दांवरून तपासावं, शब्दाला शब्द लावून नव्हे. दुसरी सांगते की विद्यार्थ्याचं उत्तर वेगळं असू शकतं, त्याला किती समजलंय ते पाहावं. व्याकरणाच्या आणि स्पेलिंगच्या चुकांना फार महत्त्व देऊ नये, हेही तिथेच आहे. मुलं हे पान उलटून थेट उत्तरांवर जातात. लेकीला आधी ते वाचायला सांगा.

आता शब्द काढण्याचं. पेपर एकापुढे एक ठेवून वाचत बसलं तर काही हाती लागत नाही. एकच प्रश्न घ्यायचा आणि तो जिथे जिथे आलाय तिथली उत्तरं एका कागदावर एकाखाली एक उतरवायची. बॉइलचा नियम घेऊ. एका वर्षी लिहिलेलं असतं 'तापमान स्थिर ठेवल्यास', दुसऱ्या वर्षी 'स्थिर तापमानाला'. कुठे 'ठराविक वस्तुमानाचा वायू', कुठे 'दिलेल्या वस्तुमानाचा'. वाक्यं बदलत राहतात, पण त्यांखालचे तीन तुकडे बदलत नाहीत: वायूचं वस्तुमान ठराविक, तापमान स्थिर, दाब आणि आकारमान व्यस्त प्रमाणात. तिसरा तुकडा कुणी विसरत नाही. मी वीसेक वर्षं पेपर तपासले, पहिले दोनच गळलेले दिसायचे.

इथे थांबलं तर ते पाठांतरच राहील. म्हणून पुढची पायरी माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. एकेक तुकडा झाकायचा आणि विचारायचं, उरलेलं वाक्य अजून खरं आहे का? तापमान झाका. बंद डबा तापवला की आकारमान तेवढंच राहतं आणि दाब वाढतो, म्हणजे वाक्य मोडलं. वस्तुमान झाका. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरताना ट्यूब फुगतेही आणि आतला दाबही वाढतो, कारण आत हवा वाढतेय. पुन्हा मोडलं. जो शब्द काढल्यावर वाक्य खोटं होतं, तो नेमका शब्द. वर्षं जुळवून तो सापडतो, पण तोच का हवा हे या झाकाझाकीतून कळतं.

प्रथमेश, तिसरं वर्ष, घाटकोपर
मास्तर, मी पहिल्या वर्षाला हे एक्सेलमध्ये केलं होतं. सगळी उत्तरं टाकली, कुठला शब्द किती वेळा येतो ते मोजलं, वरचे शंभर शब्द पाठ केले. ताई, हे एका संध्याकाळी होतं. हाताने कशाला उतरवायचं? जो शब्द जास्त वेळा येतो तोच परीक्षकाला हवा असतो, सरळ हिशोब आहे.

जुने मास्तर, मुलुंड
प्रथमेश, मोजलंस ते चांगलं केलंस, पण मोजणीत वर कोण येतं ते बघ. 'वायू', 'दाब', 'धातू', 'प्रवाह' हे शब्द वर येतात, आणि ते तर प्रश्नातच छापलेले असतात. ते लिहून गुण मिळत नाहीत. 'स्थिर तापमान' एका उत्तरात एकदाच येतं आणि यादीत कुठेतरी खाली पडतं. म्हणून मोजायचंच असेल तर एकाच प्रश्नाच्या उत्तरांत मोज. किती वेळा आला हे न बघता किती उत्तरांत आला हे बघ.

आणखी एक फसगत आहे. पुष्कळदा पुढच्या वर्षीचं उत्तर मागच्यावरून जसंच्या तसं उचललेलं असतं. तीच आकृती, तीच स्पेलिंगची चूक. तुझ्या यादीत ती पाच उत्तरं दिसतील, पण साक्षीदार एकच आहे. चूकही जुळली की ते एकच उत्तर धर. वेगवेगळ्या हातांनी लिहिलेली दोन उत्तरं मिळाली तर ती अशा पाचांपेक्षा मोलाची.

प्रथमेश, तिसरं वर्ष, घाटकोपर
हे पटलं. 'गंजण्यावर परिणाम करणारे घटक' या प्रश्नात माझं नेमकं उलटं व्हायचं. सगळ्या वर्षांत समान असं जवळजवळ काही उरायचंच नाही, प्रत्येक ठिकाणी वेगळे मुद्दे.

जुने मास्तर, मुलुंड
कारण तिथे 'कोणतेही चार' असतं. उत्तरात सहा-आठ मुद्दे देतात, विद्यार्थ्याने त्यांतले कुठलेही चार लिहायचे. ती जेवणाच्या ताटासारखी यादी आहे, त्यात अमुक एक हवंच असं नसतं. अशा प्रश्नात समान शब्द शोधू नये. सगळ्या वर्षांचे मुद्दे एकत्र करावेत आणि आपल्याला समजावून सांगता येतील असे पाच निवडावेत. उत्तराशेजारी गुणांचा रकाना असतो, तो आधी वाचला की प्रश्न कुठल्या जातीचा ते लगेच कळतं.

वसुधा, दादर
मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते आणि मला हे सगळं मनापासून अमान्य आहे. मास्तर झाकाझाकी सांगतात ती छान आहे, पण ती करणार कोण? घराघरांत होतं ते असं की मूल यादी घेऊन बसतं. दर वर्षी वर्गात मी एक प्रश्न विचारते. काचेचा क्रांतिक कोन साधारण ४२ अंश. हवेतून काचेवर ४५ अंशांनी किरण पडला तर पूर्ण आंतरिक परावर्तन होईल का? अर्ध्याहून जास्त हात 'हो' म्हणून वर जातात. 'आपाती कोन क्रांतिक कोनापेक्षा मोठा' हे शब्द पाठ असतात आणि ४५ तर ४२ पेक्षा मोठा. किरण हवेतून काचेत जातोय, तिथे क्रांतिक कोनाचा प्रश्नच येत नाही, हे त्यांना दिसतच नाही. शब्द सगळे बरोबर, भौतिकशास्त्र शून्य. अशा मुलाला गुण मिळतात याचं मला दुःख होतं.

जुने मास्तर, मुलुंड
वसुधाताई, तुमचा प्रश्न उत्तम आहे आणि मी तो आजपासून वापरणार. पण त्यातून माझं म्हणणंच पक्कं होतं. या प्रश्नाची उत्तरं एकाखाली एक लावा. प्रत्येकात दोन अटी असतात आणि पहिली अट दिशेची असते: किरण सघन माध्यमातून विरल माध्यमात गेला पाहिजे. तुमच्या वर्गातली मुलं हीच अट गाळतात, कारण 'क्रांतिक कोन' भारदस्त वाटतो आणि दिशा साधी वाटते. जुळवणी नीट केली असती तर दिशेखाली दोनदा रेघ आली असती. आणि ती झाकून पाहिली की तुमचाच ४५ अंशांचा किरण समोर उभा राहतो.

वसुधा, दादर
नीट केली असती तर. सगळं त्या 'तर'वर आहे, मास्तर. मी चाळीस मुलांचा वर्ग बघते. पद्धत सांगितली की त्यांतली पस्तीस तिच्यातून यादीच तयार करतात. त्यापेक्षा आधी धडा शिकवावा, एकदा न बघता उत्तर लिहून घ्यावं आणि मग मॉडेल आन्सर दाखवावं. आपण काय गाळलं ते मुलाने स्वतः शोधावं. क्रम उलटा झाला की विषय गेला.

जुने मास्तर, मुलुंड
हा क्रम मला मान्य आहे. मी तो लिहायला हवा होता.

संतोष, चेंबूर
माझा भाचा मुंबईतल्याच एका स्वायत्त कॉलेजात डिप्लोमा करतोय. त्याने हीच मॉडेल आन्सर्स घोटली आणि पेपरात प्रश्न वेगळ्याच ढंगाचे आले. म्हणजे या मॉडेल आन्सर्सचा काही उपयोग नाही असंच समजायचं ना?

मधुरा, कुर्ला
संतोषदादा, आमचं कॉलेज स्वायत्त नाही, पेपर एमएसबीटीईचाच असतो.

प्रथमेश, तिसरं वर्ष, घाटकोपर
संतोषदादा, स्वायत्त कॉलेज आपले पेपर स्वतः काढतं आणि तपासतं. भाच्याने तिथलेच जुने पेपर मिळवायला हवेत. तसंच ताई, तुमच्याकडची काही उत्तरं आय स्कीमची असतील. २०२३-२४ पासून पहिल्या वर्षाला के स्कीम आली. मुखपृष्ठावर विषयाचा कोड बघा, आयचा २२१०२ आणि केचा ३११३०५. जुनी टाकू नका, बॉइलचा नियम काही बदललेला नाही. पण जुन्यातला एखादा धडा आताच्या अभ्यासक्रमात आहे का ते आधी तपासा.

नीलिमा, परळ
मी स्वतः डिप्लोमा केलाय, म्हणून माझं सांगते. एका परीक्षेत बॉइलच्या नियमाला मी फक्त तुकडे लिहिले होते: 'स्थिर तापमान, वस्तुमान, दाब, आकारमान, व्यस्त'. वेळ संपत आली होती. वाटलं शब्द आहेत म्हणजे झालं. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली तेव्हा कळलं की पूर्ण गुण मिळाले नव्हते. तेव्हा वाईट वाटलं होतं, पण आज वाचते तर त्यात नियम कुठेच सांगितलेला नाही. कशाच्या व्यस्त प्रमाणात काय, हेच नाही. मी फक्त शब्दांची रांग लावली होती.

वसुधा, दादर
नीलिमा, हेच मी म्हणत होते. शब्दांना क्रियापद लागतं.

एक गोष्ट मास्तरांना विचारायची राहिली. मुलाने दोन्ही अटींचे शब्द बरोबर लिहिले आणि आकृतीत किरण विरल माध्यमातून सघनात जाताना दाखवला, तर तुम्ही काय करायचात? सूचनांत आकृतीच्या मुख्य भागांना गुण द्या असं आहे, पण आकृती लिखाणाच्याच विरुद्ध गेली तर?

जुने मास्तर, मुलुंड
मी आकृतीचे गुण कापायचो आणि अटींचे द्यायचो. शेजारी बसलेले सहकारी अटींचेही कापायचे. त्यांचं म्हणणं, मुलाला समजलेलं नाही याचा पुरावाच समोर आहे. आमचा यावर चहाच्या वेळी कितीदा वाद झाला. ते चूक होते असं मी आजही म्हणू शकत नाही.

मधुरा, कुर्ला
काल रात्री वसुधाताईंच्या क्रमाने करून पाहिलं. लेकीने ओहमचा नियम न बघता लिहिला: 'विद्युतधारा विभवांतराच्या समप्रमाणात असते.' मग तीन वर्षांची उत्तरं एकाखाली एक लावली. तिन्हींत वाहकाची भौतिक अवस्था स्थिर असण्याची अट होती, तिच्यात नव्हती. अट झाकून पाहा म्हटलं तर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, बल्बची तार तापली की तिचा रोध वाढतो, मग विभवांतर दुप्पट केलं तरी धारा दुप्पट होणार नाही. हे बरोबर आहे ना, मास्तर? तिने ते वहीत लिहून ठेवलंय, पण उत्तरात लिहायचं का, असं विचारतेय.

जुने मास्तर, मुलुंड
अगदी बरोबर आहे. दोन गुणांच्या उत्तरात अट पुरेशी आहे, बल्ब वहीतच राहू दे. चार गुणांना आला आणि वेळ असेल तर एका ओळीत लिहायला सांगा.