मदत हवी आहे: अभंगात मागच्या बायका आधीच उचलतात आणि लय पळते

डोंबिवलीकरीण:
सोसायटीत दर एकादशीला आम्ही चौदाजणी भजन करतो. मी पुढे म्हणते, बाकीच्या मागून. आठ जोड टाळ, एक ढोलकी. 'सुंदर ते ध्यान' सुरू होतं नीट, पण तिसऱ्या चरणापर्यंत इतकं पळतं की शब्द तोंडात मावत नाहीत. माझं 'ठेवोनिया' संपायच्या आत मागून 'सुंदर ते' येतंच. काय करू?

रियाजी:
फोनवर तबल्याचं अ‍ॅप लावा, केरवा, लय 80. काम झालं.

टाळकरी_सातारा:
अ‍ॅप घरी एकटीने म्हणताना ठीक. आठ टाळ सुरू झाल्यावर ते ऐकणार कोण?
ताई, दोन्ही दुखणी एकाच जागी आहेत. अक्षरं बोटांवर मोजा. 'सुंदर ते ध्यान', 'उभे विटेवरी', 'कर कटावरी' सहा-सहा, आणि 'ठेवोनिया' चारच. तुमच्या चालीत एकेका तुकड्याला आठ मात्रांचं एक आवर्तन असेल, तर शेवटच्याला जागा उरते. ती 'या' लांबवून भरायची. मागच्यांना वाटतं ओळ संपली, त्या उडी मारतात, समेची जागा सरकते आणि ढोलकी तुमच्यामागे धावते.
एक दिवस टाळ खाली ठेवा. पहिल्या आणि पाचव्या मात्रेला टाळी द्या, 'या' पुढच्या समेपर्यंत धरा, मागच्यांनी समेवरच उचलायचं. जमलं की ढोलकीशेजारच्या दोघींनाच टाळ द्या, बाकीच्या नंतर. टाळ तोंडावर तोंड सपाट आपटला की नुसता थप्प वाजतो, मग माणूस आणखी जोर लावतो आणि हात पळतो. कडा जरा सरकवून मारला की झंकार उठतो.

मावशी_बदलापूर:
आमच्या टाळांची नायलॉनची दोरी बोटाला काचते हो. सुती कुठे मिळेल?

टाळकरी_सातारा:
मावशी, आळंदीला टाळांच्या दुकानात विचारा. लय वाढवायचीच असते, पण एक चरण पुरता झाल्यावर, आणि ती पुढच्याने वाढवायची. टाळकऱ्यांनी नाही.

जुना_फडकरी:
मुळात मागे 'सुंदर ते' का घेता? गाथेत ध्रुपद 'तुळसीहार गळा'वर आहे. मागच्यांनी तेच धरायचं.

रियाजी:
मैफलीत तर सगळे पहिल्याच ओळीवर येतात.

जुना_फडकरी:
मैफलीत येत असतील. आमच्याकडे नाही.

डोंबिवलीकरीण:
काल टाळ्यांवर करून बघितलं. बाराजणी समेवर आल्या. एक काकू अजून 'या'वरच उडी मारतात, आणि त्यांचाच आवाज सगळ्यात मोठा. त्यांना टाळ देऊ की नको?

टाळकरी_सातारा:
द्या, पण तुमच्या समोर बसवा. 'या'वर तुमचा हात वर दिसला पाहिजे.