प्रतिसाद: शाफ्ट टर्न केल्यावर किती माल उडाला?

> ५० चा एमएस शाफ्ट ३०० मिमी लांबीत ४० ला आणला, डायमीटर १० ने कमी झाला म्हणून १० चा गज धरून १८५ ग्रॅम काढले, बरोबर ना?

नाही हो, इथंच सगळे फसतात. डायमीटरची वजाबाकी करून वर्ग नाही करायचा, आधी दोन्हीचे वर्ग करायचे आणि मग वजाबाकी. २५०० वजा १६०० म्हणजे ९००, त्याला १६२ ने भागलं की मीटरला ५.५६ किलो, तुमची लांबी ०.३ मीटर म्हणजे साधारण १.६७ किलो माल उडाला, तुमच्या आकड्याच्या ९ पट! कारण माल बाहेरच्या कडेचा जातो आणि तिथला घेर मोठा असतो, डायमीटर २० टक्केच घटला तरी वजन ३६ टक्के घटतं.

१६२ चा आकडा स्टीलचाच बरं का, पितळेला चालणार नाही.

पडताळायचं तर जॉबच टर्निंगच्या आधी आणि नंतर काट्यावर ठेवा, ४.६३ चा २.९६ च्या आसपास यायला हवा. चिप्स गोळा करून मोजू नका, त्यात कूलंट असतं आणि निम्म्या ट्रेखाली सांडलेल्या असतात.