फॉरमॅट मारायचा की आधी साफसफाई? सुरू व्हायला नऊ मिनिटं घेणाऱ्या पीसीवर चर्चा

दारव्हा_फॉर्मवाला
गावात माझं ऑनलाइन फॉर्म अन् झेरॉक्सचं दुकान आहे. पीसी 2017 चा, असेंबल केलेला, 4 जीबी रॅम, 1 टीबी हार्ड डिस्क, विंडोज 10. सकाळी बटण दाबल्यापासून ब्राउझर उघडेपर्यंत नऊ मिनिटं जातात. सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली आहे, 100 जीबीपैकी 3 जीबीच शिल्लक. तालुक्याचा मेकॅनिक म्हणतो फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकतो, सहाशे रुपये, मशीन दोन दिवस ठेवून जा. द्यावी का? पीक विम्याची गर्दी तोंडावर आहे.

आर्वी_जुनी_मशीन
भाऊ, एवढ्यात देऊ नका. आधी मोबाइलचं स्टॉपवॉच लावून दोन वेळा वेगवेगळ्या मोजा. पहिली, बटणापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत. दुसरी, डेस्कटॉप दिसल्यापासून मशीन खरंच हाताला येईपर्यंत. दुसरी वेळ मोजायला डेस्कटॉप येताच `Ctrl+Shift+Esc` दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि Disk खालचा टक्का बघत बसा. तो 100% वरून उतरून दहा-पंधराच्या आसपास स्थिरावला की घड्याळ थांबवा.

पहिली वेळ मोठी असेल तर दुखणं विंडोजच्या पोटात किंवा डिस्कमध्ये आहे. दुसरी मोठी असेल तर तुम्ही सात-आठ वर्षांत टाकलेले प्रोग्रॅम एकदम उठून एकाच डिस्कवर तुटून पडतात. जुन्या हार्ड डिस्कला वाचणारं हेड असतं, ते एका वेळी एकाच जागी जाऊ शकतं. विखुरलेल्या जागांवरून वाचायचं झालं तर सेकंदाला शंभरेक वाचनांतच तिचा दम संपतो. पंधरा प्रोग्रॅम एकाच वेळी मागायला लागले की ते हेड नुसतं पळत राहतं. प्रोसेसर बघाल तर रिकामा बसलेला असतो.

वणी_रिपेअरिंग
मी रोज हेच काम करतो म्हणून उलट सांगतो. फॉरमॅटला नावं ठेवू नका. माझ्याकडे येणाऱ्या मशीनमध्ये दोन-दोन अँटिव्हायरस, तीन पीडीएफ रीडर, कुठून तरी उतरवलेले क्रॅक, असं सगळं असतं. एकेक काढत बसलो तर अर्धा दिवस जातो आणि खाली काय लपलंय याची खात्री तरीही देता येत नाही. फॉरमॅटला दोन तास लागतात आणि गिऱ्हाइकाला स्वच्छ मशीन मिळते. दुकानदाराचा वेळ फुकटचा नाही.

आर्वी_जुनी_मशीन
क्रॅक किंवा व्हायरसचा संशय असेल तर फॉरमॅटच करावा, हे मलाही मान्य. पण यांच्या दुकानात फिंगरप्रिंटचं मशीन, स्कॅनर, प्रिंटर, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर आहे. त्यातलं प्रत्येक परत बसवावं लागेल, आणि फिंगरप्रिंटची आरडी सर्व्हिस ऐन गर्दीत बसली नाही तर दुकान बंद. शिवाय तेच प्रोग्रॅम परत टाकले की ते परत स्टार्टअपमध्ये जाऊन बसतात. सहा महिन्यांनी तेच सहाशे रुपये.

वरुड_संत्राबाग
माह्याकडे बी असंच होतं. सोपं हाय, कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा अन् हे मारा:

```
powercfg /h off
```

सी ड्राइव्हवर एक मोठी लपलेली फाइल असते, ते जाते. मले आठ-नऊ जीबी जागा भेटली. कायले मेकॅनिकले पैसे देता?

आर्वी_जुनी_मशीन
जागा मिळते हे खरं, पण `hiberfil.sys` ही फाइल रॅमच्या साधारण 40 टक्के असते. तुमच्या मशीनला रॅम जास्त असेल म्हणून तुम्हाला तेवढी जागा मिळाली. यांची रॅम 4 जीबी, म्हणजे हाती येतील दीडेक जीबी. त्या बदल्यात Fast Startup बंद पडेल, कारण तो त्याच फाइलवर चालतो. शटडाउन करताना विंडोज आपला गाभा त्या फाइलमध्ये लिहून ठेवतं आणि सकाळी तिथून उचलतं. हार्ड डिस्कच्या मशीनवर हा आधार काढून घेऊ नये. एसएसडी असती तर मी एवढं अडून बसलो नसतो.

पुसद_ताई
आमच्याकडे पण साइट उघडायला फार वेळ लागतो, विशेषतः दुपारी. टॉवर लांब आहे. डोंगल बदलून पाहा ना भाऊ.

दारव्हा_फॉर्मवाला
ताई, नेट ठीक आहे, मशीनच उठत नाही. आर्वीकर काका, मोजलं. डेस्कटॉप यायला 3 मिनिटं 20 सेकंद. त्यानंतर डिस्क 100% वरून खाली यायला 5 मिनिटं 40 सेकंद. पण एक गोष्ट कळत नाही. परवा डेस्कटॉप दोन मिनिटांतच आला होता. असं काहून होते?

आर्वी_जुनी_मशीन
काल संध्याकाळी लाइट गेली होती का? किंवा शटडाउन म्हणून लगेच बोर्डाचं बटण बंद केलं होतं का?

दारव्हा_फॉर्मवाला
हो. काल सहाला लाइट गेली, मशीन तशीच बंद पडली. यूपीएसची बॅटरी कधीचीच गेली आहे. आणि रोज मी स्क्रीन काळी झाली की बोर्ड बंद करून शटर ओढतो.

आर्वी_जुनी_मशीन
मग उत्तर तिथेच आहे. स्क्रीन काळी झाली तरी डब्यावरचा लाल दिवा लुकलुकत असतो, कारण तेव्हा ती फाइल लिहिणं चालू असतं. दिवा आणि पंखा दोन्ही थांबल्याशिवाय बोर्ड बंद करायचा नाही. लाइट मध्येच गेली तर लिहायला वेळच मिळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी विंडोज अगदी पहिल्यापासून उठतं. भारनियमनाच्या भागात हा फरक रोजचा आहे, आणि लोक तो व्हायरसच्या माथी मारतात. यूपीएसची बॅटरी बदला, फॉरमॅटच्या आधी बदला.

आता दुसऱ्या वेळेकडे या. टास्क मॅनेजरमध्ये Startup टॅब उघडा आणि Startup impact वर क्लिक करा, High वाले वर येतील. जे नको त्यावर राइट क्लिक करून Disable. प्रोग्रॅम पुसला जात नाही, फक्त आपोआप उठत नाही, त्यामुळे भ्यायचं कारण नाही. मात्र मराठी टायपिंगचं राहू द्या. `msconfig` मध्ये जाऊन Disable all तर अजिबात करू नका. आरडी सर्व्हिस तिथल्या यादीत असते आणि ती बंद पडली की अंगठा लागणार नाही.

दारव्हा_फॉर्मवाला
चौदा नावं निघाली. दोन प्रिंटरची, त्यातला एक प्रिंटर तीन वर्षांपूर्वीच विकला. एक व्हिडिओ कॉलचं, लॉकडाउनमध्ये पोराच्या शाळेसाठी टाकलेलं. टोरेंट, गाण्यांचं अ‍ॅप, तीन वेगवेगळे अपडेटर. दहा बंद केले. आता सी ड्राइव्हचं काय? डी ड्राइव्हवर तर 600 जीबी रिकामे आहेत, मग डिस्क भरली असं कसं म्हणायचं?

आर्वी_जुनी_मशीन
विंडोजला डीशी देणंघेणं नाही. त्याची टेम्प, अपडेट आणि रॅम कमी पडली की वापरायची `pagefile.sys` सीवरच असते. टास्क मॅनेजरच्या Performance मध्ये Memory वर Committed बघा. पहिला आकडा 4 जीबीच्या पुढे असेल तर मशीन बहुतेक त्या फाइलवर ढकलाढकली करत आहे. सीवर तीनच जीबी असताना ती फाइल वाढायची म्हटली तर तुकड्यातुकड्यांत वाढणार, म्हणजे हेडची पळापळ आणखी वाढली. मी अशा मशीनला पंधरा-वीस टक्के जागा रिकामी ठेवायला सांगतो. विंडोजचं स्वतःचं डिफ्रॅगसुद्धा 15 टक्के रिकामी जागा असेल तरच नीट काम करतं.

तुमच्या धंद्यात ही जागा कोण खातं ते मी न बघता सांगतो, Downloads. त्या फोल्डरवर राइट क्लिक, Properties, Location, मग Move, आणि डीवर नवीन फोल्डर करून तो निवडा. आतल्या फाइली सोबत न्यायच्या का विचारेल, हो म्हणा. `Program Files` किंवा `Windows` मात्र कट-पेस्ट करून हलवू नका.

त्यानंतर Settings मध्ये System, Storage, Temporary files. इथे हात जपून चालवा. त्या यादीत Downloads ची सुद्धा चौकट असते. आमच्या ओळखीच्या एका केंद्रात सगळ्या चौकटींवर टिक करून गिऱ्हाइकांचे वर्षभराचे स्कॅन उडवले, सातबारा, पासबुक, सगळं. ती चौकट रिकामी ठेवा, Windows Update Cleanup वर टिक करा.

हिंगणघाट_मास्तर
मला माझा अनुभव सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या शाळेतला पीसी असाच हळू झाला. एकाने दोनदा फॉरमॅट मारला, दोन्ही वेळा महिनाभर बरा चालला. तिसऱ्यांदा डिस्कच गेली आणि मुलांचे निकाल तिच्यासोबत गेले. तेव्हापासून मी आधी डिस्कची तब्येत पाहतो. CrystalDiskInfo मध्ये Caution दिसलं, Current Pending Sector चा आकडा शून्याच्या वर असला, तर साफसफाई नाही की फॉरमॅट नाही. त्याच मिनिटाला सगळं दुसरीकडे उतरवून घ्या.

वणी_रिपेअरिंग
मास्तरांचं शंभर टक्के बरोबर. बिघडलेल्या डिस्कवर फॉरमॅट मारणारे आमच्या लाइनमध्ये आहेत, हे मी मान्य करतो.

दारव्हा_फॉर्मवाला
डिस्कवर Good दाखवतं, पेंडिंग शून्य. Downloads मधून 31 जीबी डीवर गेले, टेम्पररीतून 7 जीबी निघाले. सीवर आता 41 जीबी रिकामे. काल दिवा विझेपर्यंत थांबलो. आज सकाळी डेस्कटॉप 1 मिनिट 50 सेकंदांत, आणि नंतरचं 1 मिनिट 35. नऊ मिनिटांवरून साडेतीनवर आलं. अंगठा पण लागतोय.

वणी_रिपेअरिंग
छान झालं, मनापासून. पण साडेतीन मिनिटं म्हणजे अजूनही साडेतीन मिनिटं. छोटी एसएसडी लावून सी ड्राइव्ह तिच्यावर तशीच क्लोन केली तर हीच मशीन अर्ध्या-पाऊण मिनिटात उठेल, आणि काहीच परत बसवावं लागणार नाही. एकदा खर्च करा, रोजची कटकट संपवा.

आर्वी_जुनी_मशीन
एसएसडीने फरक पडेल यात वाद नाही. माझं म्हणणं पैशाबद्दल आहे. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. 2017 ची असेंबल मशीन, प्रोसेसर बहुतेक सहाव्या-सातव्या पिढीचा, म्हणजे विंडोज 11 साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसणार नाही. लोकांची आधार-बँकेची कागदं हाताळणाऱ्या मशीनवर खर्च करायचा तर तो पुढच्या मशीनसाठी जपावा, असं मला वाटतं.

वणी_रिपेअरिंग
एसएसडी कुठे वाया जाते? उद्या नवीन मशीन घेतली तर काढून तिच्यात लावता येते. तोवर दोन हंगाम निघतील.

वरुड_संत्राबाग
मी हायबरनेट परत चालू केलं, `powercfg /h on` मारून. माह्याकडे एसएसडी नाई. सकाळी फरक पडते का, पाहतो.

दारव्हा_फॉर्मवाला
प्रोसेसर सहाव्या पिढीचाच निघाला. विम्याच्या तारखा होईपर्यंत मशीन उघडणार नाही, फक्त यूपीएसची बॅटरी आणतो. आज चारला पुन्हा लाइट गेली होती. उद्या पहिला आकडा किती येतो ते सकाळी टाकतो.