मदत हवी आहे: फोटोतल्या नकाशावरून सातारा-कराड अंतर कमी येतंय

मंडळी, वाचनालयात भिंतीवर लावलेल्या जुन्या जिल्हा नकाशाचा मोबाइलवर फोटो काढलाय. खाली ० ते २० किमीची प्रमाणपट्टी आहे. स्क्रीनवर ती ४१२ पिक्सेल भरते आणि सातारा ते कराड सरळ रेषेत ९०५ पिक्सेल. म्हणजे ९०५ ÷ ४१२ × २० = साधारण ४४ किमी. पण अक्षांश-रेखांशांवरून हवाई अंतर ४८ च्या आसपास येतं. (रस्त्याचं अंतर अर्थातच त्याहून जास्त, ते मी धरलेलं नाही.)

मला संशय फोटोच्या तिरकेपणाचा आहे. नकाशाची खालची चौकट १६४० पिक्सेल, वरची १४८० च. पट्टी खाली, म्हणजे कॅमेऱ्याच्या जवळ, त्यामुळे ती मोठी दिसते, आणि गावं वर आक्रसतात.

GIMP मध्ये चारही कोपरे ओढून चौकट काटकोनात आणता येईल, पण मूळ कागदाची लांबी-रुंदी माहीत नाही. मग उभं माप चुकणारच ना? आणि ही दोन गावं तर जवळजवळ उत्तर-दक्षिणच आहेत. त्यापेक्षा नकाशावरच्या १७°१५′ आणि १७°३०′ या रेघांमधलं अंतर (सुमारे २७.७ किमी) उभं प्रमाण म्हणून धरलं तर चालेल का? पुन्हा जाऊन फोटो काढणं सध्या शक्य नाही.