जॉब आयडी लिहा, बाकी नंतर

>> "ओळख नसलेल्या रिक्रूटरला रिक्वेस्ट पाठवताना नोटमध्ये आपला सगळा अनुभव लिहावा का?"

नाही, तेवढी जागाच नसते. लिंक्डइनच्या फुकट खात्यावर नोटला 200 अक्षरं मिळतात, स्पेस धरून. शिवाय अनुभव प्रोफाइलवर दिसतोच.

मी पुण्यात भरतीचं काम करते. एका वेळी माझ्याकडे पंधरा-वीस जागा असतात. "तुमच्या कंपनीत संधी असल्यास कळवा" अशी नोट आली की कुठल्या जागेबद्दल, हेच कळत नाही आणि ती मागे पडते. जाहिरातीत जॉब आयडी असतो, तो नोटमध्ये टाका. तो शोधला की तुमचा अर्ज एका मिनिटात समोर येतो. म्हणून आधी अर्ज करा, मग रिक्वेस्ट पाठवा.

गेल्या महिन्यात एका मुलाची नोट आली, साधारण अशी: "जॉब आयडी 4127, जावा डेव्हलपर. सोमवारी अर्ज केलाय. पेमेंट गेटवेवर 4 वर्षं काम, नोटीस पीरियड 30 दिवस." एवढंच. नोटीस पीरियड वाचून मी त्याच दिवशी फोन केला, कारण त्या जागेसाठी आलेले बाकीचे बहुतेक जण 90 दिवसांवाले होते.

हायरिंग मॅनेजरला मात्र नोटीस पीरियड नको, कामाबद्दल एक नेमकं वाक्य लिहा. त्यांची टीम जे बनवतेय त्याच्याशी जुळणारं तुम्ही काय केलंय, तेवढंच. आणि रेफरल पहिल्याच नोटमध्ये मागू नका. न पाहिलेल्या माणसाची शिफारस कुणी करत नाही.